कार्ड नवं, गेम तरी अडखळतो

२०१७ सालचा कोअर आय-५ ७४०० हा प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला २०२१ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड. अशा जोड्या जमतात याला कारण आहे. कार्ड बदलणं सोपं असतं. जुनं काढायचं, नवं खोचायचं. प्रोसेसर नव्या पिढीचा घ्यायचा तर मदरबोर्ड आणि बहुतेक वेळा रॅमही बदलावी लागते. म्हणून आधी कार्ड येतं. मग 'सायबरपंक २०७७'सारखा गेम लावला, की मोकळ्या रस्त्यावर तो छान पळतो आणि बाजारपेठेच्या गर्दीत शिरताच अडखळायला लागतो. ग्राफिक्सचा दर्जा 'हाय'वरून 'लो'वर आणला तरी फरक पडत नाही. नेमकी इथेच दुखण्याची खूण सापडते.

पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघं मिळून तयार करतात. गर्दीतला माणूस कुठे वळला, गाडी कशाला धडकली, कॅमेऱ्यासमोर आता कोणत्या वस्तू येणार, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि 'हे हे काढ' अशी यादी कार्डाला देतो. त्या यादीवरून रंग, उजेड, सावल्या भरून प्रत्यक्ष चित्र कार्ड काढतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची यादी करत असतो. म्हणून दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही. जो जास्त वेळ घेतो त्याचाच वेग पडद्यावर दिसतो. एकानं पोळ्या लाटाव्यात आणि दुसऱ्यानं भाजाव्यात, तसं हे आहे. लाटणाऱ्याचा हात हळू असेल तर तवा कितीही तापलेला असून उपयोग नाही.

आकडे घालून पाहू. समजा, त्या बाजारपेठेत प्रोसेसरला एका फ्रेमच्या हिशेबाला २२ मिलिसेकंद लागतात आणि १०८० पी रिझोल्यूशनला कार्डाचं काम १२ मिलिसेकंदांत उरकतं. कार्ड एकटं असतं तर सेकंदाला ८३ फ्रेम निघाल्या असत्या. प्रत्यक्षात निघतात ४५, आणि प्रत्येक फ्रेममागे कार्ड १० मिलिसेकंद रिकामं बसतं. त्याचा वापर ५५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. ग्राफिक्सचा दर्जा उतरवला की कार्डाचे १२ चे ८ होतील, पण प्रोसेसरचे २२ बहुतांशी तसेच राहतील. म्हणून फ्रेम वाढत नाहीत.

हे घरी तपासायला एमएसआय आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्राम पुरतो. गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात तो फ्रेमचा दर, कार्डाचा वापर आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवरचा भार दाखवतो. आधी व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. ६० फ्रेमची मर्यादा घातलेली असेल तर कार्डाचा वापर कमी दिसणारच. त्याचा अडथळ्याशी संबंध नाही. मग गर्दीच्या एकाच जागी उभं राहून आकडे वाचा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर ते पूर्ण जोरानं चालतं आहे आणि मर्यादा त्याचीच आहे. ते ५०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर रिझोल्यूशन ७२० पी करून पाहा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले आणि फ्रेम ४५च राहिल्या, तर प्रोसेसरची बाजू अडली आहे, हे पक्कं समजा.

प्रोसेसरचा एकूण टक्का मात्र हमखास चकवतो. गेमचं सगळं काम कोअरमध्ये सारखं वाटलं जात नाही. एका मुख्य धाग्यावर बरंच ओझं असतं. आठ धाग्यांच्या प्रोसेसरवर तो एक धागा पूर्ण भरला, तरी त्याचा एकूण वापरातला वाटा साडेबारा टक्केच असतो. म्हणून 'प्रोसेसर तर ४० टक्केच वापरात आहे' यावरून तो निर्दोष ठरत नाही. प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की अडथळ्याचा टक्का सांगणारी कॅल्क्युलेटरं तर मी मुळीच विचारात घेत नाही. त्याच जोडीत एका गेममध्ये प्रोसेसर अडतो, दुसऱ्यात कार्ड. एकच आकडा खरा कसा असेल?

उपाय अडथळा कुठे आहे त्यावरून ठरतो. प्रोसेसर अडत असेल तर गर्दीची घनता कमी करा. 'सायबरपंक'मध्ये Crowd Density असा पर्यायच आहे. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनेल करा, कारण प्रोसेसरला माहिती उशिरा पोचणं हाही विलंबच. आणि मॉनिटर १४४० पी असेल तर रिझोल्यूशन बेलाशक वाढवा. पिक्सेल पावणेदोनपटीहून थोडे जास्त होतात, कार्डाचे १२ मिलिसेकंद ढोबळमानानं २१ होतात आणि ते अजूनही २२ च्या आतच राहतात. फ्रेम त्याच ४५, पण चित्र कितीतरी रेखीव.