फोन अचानक बोलायला लागला तर : टॉकबॅक कसं बंद करायचं

या भागाचं ऑडिओ ज्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकताना ज्यांचा फोनच बडबडत होता, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, थोडं आवरून.

तर लक्षणं अशी. अँड्रॉइड फोनवर कुठेही बोट लावलं की एक आवाज तिथलं नाव वाचतो. बोट लावलं तिथे एक चौकट येते, पण ॲप उघडत नाही. एका बोटाने सरकवलं तर यादी वरखाली होत नाही, चौकटच इकडून तिकडे उडी मारते. बहुतेकांना वाटतं फोन हँग झाला किंवा व्हायरस आला. दोन्ही नाही. टॉकबॅक चालू झालंय. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वापरता यावा म्हणून गूगलने बनवलेला हा स्क्रीन रीडर अँड्रॉइड फोनमध्ये सहसा आधीपासूनच असतो.

तो आपोआप चालू कसा होतो? आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की. हा शॉर्टकट मुद्दाम इतका सोपा ठेवलाय, कारण ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याने सेटिंग शोधायचं कसं? बोटांना चाचपून सापडतील अशी बटणंच हवीत. पहिल्या वेळी फोन एक सूचना दाखवून विचारतो, पण घाईत ती न वाचता आपण होकार देऊन टाकतो. त्यानंतर बटणं दाबली गेली की थेट चालू. आणि ती दाबली जातात कुठे? बाइकच्या मोबाइल होल्डरचा चिमटा बरोबर कडेच्या बटणांवर बसतो. जीन्सच्या खिशात किंवा भरलेल्या पर्समध्येही तेच.

आता खरी गोम. टॉकबॅक चालू असताना तुमचा स्पर्श थेट ॲपपर्यंत जातच नाही, मध्ये अँड्रॉइड तो अडवतं. एक टॅप म्हणजे ‘इथे काय आहे ते सांग’, आणि पटकन दोन टॅप म्हणजे ‘जे निवडलंय ते उघड’. दुसरे दोन टॅप स्क्रीनवर कुठेही चालतात, चौकट ज्यावर असेल तेच उघडतं. टॅप सावकाश केले तर मात्र फोन त्यांना दोन वेगळे टॅप समजतो आणि नुसतं पुन्हा वाचतो. वयस्कर माणसं अडकतात ती इथे. स्क्रोल करायचं तर दोन बोटं, एकमेकांपासून थोडी लांब ठेवून, एकाच दिशेने सरकवायची. दोन बोटं सोबत सरकली की अँड्रॉइड ते एका बोटाचं ओढणं समजून ॲपकडे पाठवतं. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

आवाज शून्यावर नेऊन काही होत नाही. बडबड थांबते, पण टॅपचे नियम तेच राहतात, आणि मग तर कळेनासंच होतं की फोनला झालंय काय. रीस्टार्ट करूनही उपयोग नाही, कारण टॉकबॅक चालू असल्याची नोंद सेटिंगमध्ये जपलेली असते. फोन उठला की तो पुन्हा बोलायला लागतो.

माझ्या मावशीचं उदाहरण सांगतो. ती सांगलीला, मी पुण्यात. तिने फोन कोपऱ्यावरच्या दुकानात नेला, तिथे सांगितलं, “फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट म्हणजे फॅक्टरी रीसेट, आणि तिच्या फोनमध्ये नातीच्या बारशाचे फोटो होते, बॅकअप काहीच नव्हता. नशिबाने तिने आधी शेजारच्या मुलाच्या फोनवरून मला कॉल केला.

पहिला उपाय अर्थातच तोच शॉर्टकट : दोन्ही बटणं तीन सेकंद. चालू झालं तसं बंदही होतं. मावशी म्हणाली, “अरे, दाबतेय की! नुसता आवाज वाढतोय.” स्क्रीनवर आवाजाची पट्टी हलली, याचा अर्थ दोन्ही बटणं एकदम दाबली गेली नाहीत, एक आधी लागलं. तिच्या फोनचं कव्हर जाड होतं, खालचं बटण नीट दाबलंच जात नव्हतं. अशा वेळी आधी कव्हर काढा आणि पुन्हा करून बघा. कव्हर नखाने निघेना, म्हणून आम्ही लांबच्या रस्त्याने गेलो.

लॉक स्क्रीनवर खालून वर दोन बोटांनी सरकवायला सांगितलं. पिनचा पहिला आकडा एकदा टॅप, ऐकला, मग दोन टॅप. काही फोनवर नुसतं बोट उचललं तरी आकडा उमटतो, म्हणून पहिल्या आकड्यानंतर ठिपका आला का ते बघून पुढे जायचं, नाहीतर एकच आकडा दोनदा पडतो. फिंगरप्रिंट असेल तर ही कटकटच नाही, तो नेहमीसारखा चालतो. मग हा मार्ग, प्रत्येक ठिकाणी एक टॅप, मग दोन टॅप :

```
Settings → Accessibility → TalkBack → Use TalkBack
```

Accessibility यादीत खाली असतं, तिथवर दोन बोटांनी स्क्रोल. शेवटचं बटण बंद केल्यावर मावशी ओरडली, “अजून बोलतोय!” कारण फोन शेवटी एकदा विचारतो, टॉकबॅक खरंच बंद करायचं का. त्या खिडकीतल्या होकारावरही एक टॅप आणि मग दोन टॅप लागतात. ते केलं आणि फोन गप्प झाला. सगळे मिळून दहाएक मिनिटं, त्यातली निम्मी “मावशी, पटकन दोनदा” म्हणण्यात गेली.

गूगल असिस्टंट चालू असेल तर “Turn off TalkBack” असं इंग्रजीत बोलूनही काम होतं. फोन स्वतःच बोलत असताना त्याला आपलं ऐकू जाणं अवघड, म्हणून तो थांबला की बोला.

पुन्हा होऊ नये म्हणून त्याच पानावर TalkBack shortcut आहे, ते बंद करा. सॅमसंग, शाओमी वगैरेंची मांडणी थोडी वेगळी असते. तिथे Settings उघडून वरच्या शोध खान्यात TalkBack टाइप केलंत की हे पान सापडेल. मात्र घरात कुणाला कमी दिसत असेल आणि ती व्यक्ती तोच फोन वापरत असेल, तर शॉर्टकट काढू नका. तुमचा तो त्रास, त्यांचा तो दरवाजा आहे. त्यापेक्षा होल्डर बदला.

एक ओळखायची खूण. फोन बोलतोय, पण एका टॅपमध्ये ॲप उघडतंय? मग ते टॉकबॅक नाही. बहुधा Select to Speak आहे, जे तुम्ही निवडलेला मजकूर तेवढा वाचतं. तेही Accessibility मध्येच बंद होतं, नेहमीच्या टॅपने.

आयफोनवाल्यांसाठी : तिथे याचं नाव व्हॉइसओव्हर. बाजूचं बटण, किंवा जुन्या मॉडेलवर होम बटण, तीनदा दाबून ते चालू-बंद होतं, पण कुणीतरी आधी Accessibility Shortcut मध्ये ते निवडून ठेवलं असेल तरच. नसेल तर सिरीला “Turn off VoiceOver” सांगा, किंवा Settings → Accessibility → VoiceOver. टॅपचे नियम तेच, फक्त स्क्रोलला दोन नाही, तीन बोटं.