पहिल्या पंधरा मिनिटांतलं स्वप्न

नार्कोलेप्सी म्हणजे खूप झोप येण्याचा आजार, असं सरसकट सांगितलं जातं आणि तिथेच पहिली गफलत होते. चोवीस तासांच्या झोपेची बेरीज केली, तर या रुग्णांची झोप इतरांपेक्षा फारशी जास्त भरत नाही. दिवसा डुलक्या आवरत नाहीत, पण रात्रीची झोपही सारखी मोडते. बिघडलेली असते ती जाग, झोप आणि स्वप्न यांची आपापली हद्द.

निरोगी माणूस झोपतो तेव्हा आधी हलकी झोप येते, मग जरा स्थिर आणि नंतर गाढ. रेम झोपेची पाळी साधारण तास-दीड तासाने येते. या झोपेत पापण्यांआड डोळे भराभर फिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात. त्याच वेळी श्वासपटल व डोळ्यांचे स्नायू वगळता शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडतात, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातच राहतो. पहिली रेम काही मिनिटांचीच असते, पहाटेकडे ती लांबत जाते. नार्कोलेप्सीत मात्र डोळा लागल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत रेम सुरू होऊ शकते. अर्धवट जाग असतानाच स्वप्न सुरू झालं, की खोलीत कोणीतरी उभं असल्याचं स्पष्ट दिसतं आणि हात-पाय हलत नाहीत. घरच्यांना हे बाहेरचं काही वाटतं, किंवा वेड लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो रेमचाच भाग असतो, फक्त जागेपणात घुसलेला.

असं का होतं, हे १९९८ नंतर उलगडत गेलं. त्या वर्षी दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच मेंदू-रसायन शोधलं. एकाने त्याला ओरेक्सिन म्हटलं, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. ते बनवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात असतात आणि अख्ख्या मेंदूत त्यांची संख्या जेमतेम सत्तर हजारांच्या आसपास असते. २००० साली मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले, तेव्हा यांतल्या बहुसंख्य पेशी नाहीशा झालेल्या दिसल्या. त्यांच्यात मिसळून असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी मात्र शाबूत होत्या. त्यामुळे ‘आळशी आहे, मनावर घेत नाही’ हा शेरा मला संतापजनक वाटतो. ओरेक्सिन हे जागेपणाच्या दाराची कडी आहे. हिस्टामिन, नॉरॲड्रेनॅलिन, सिरोटोनिन सोडणाऱ्या पेशींना ते चेतवत ठेवतं आणि याच पेशी रेमला थोपवून धरतात. कडी गेली की दार कधीही उघडतं.

स्नायूंचा ढिलेपणा जागेपणीच उतरला, तर त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. विनोद ऐकून हसू फुटतं आणि जबडा सैल पडतो, मान झुकते, गुडघे वाकतात. बघणारे ‘फिट आली’ म्हणतात किंवा चक्कर समजून तोंडावर पाणी मारतात. पण त्या व्यक्तीला सगळं ऐकू येत असतं, आणि बहुधा मिनिट-दोन मिनिटांत ताकद परतते.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज: लवकर रेम दिसली, म्हणजे नार्कोलेप्सी नक्की. समजा, एकोणीस वर्षांची एक मुलगी तपासणीला आली. रात्रभराची नोंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, अशा पाच वेळा तिला झोपायला सांगितलं. डोळा लागायला तिला तीन, अडीच, चार, पाच आणि साडेतीन मिनिटं लागली. सरासरी तीन मिनिटं छत्तीस सेकंद, आणि आठ मिनिटांची मर्यादा असल्याने ती बरीच कमी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या डुलकीत रेम दिसली. निकषाला दोन वेळा पुरतात. तरीही तज्ज्ञ एवढ्यावर थांबत नाहीत. महिनाभर पहाटेपर्यंत जागणारा विद्यार्थी किंवा रात्रपाळीचा कामगार हेच आकडे देऊ शकतो. म्हणून आधीचे एक-दोन आठवडे झोपेची नोंद ठेवली जाते आणि आदल्या रात्री पुरेशी झोप झाली का, हे पाहिलं जातं. आलेखात रेम कोणत्या टप्प्यामागून आली, हेही बोलकं असतं. ती सर्वांत हलक्या झोपेतून थेट आली असेल, तर संशय बळावतो. दमलेल्या माणसात ती बहुधा मधला टप्पा ओलांडून येते.

शंका उरली, तर पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून ओरेक्सिन मोजता येतं. मिलीलिटरमागे ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी भरलं, की पेशी गेल्याचा तो भक्कम पुरावा. मात्र नार्कोलेप्सीचा एक दुसरा प्रकार आहे. त्यात कॅटाप्लेक्सी नसते आणि ओरेक्सिनही बहुधा पुरेसं असतं, त्यामुळे तिथे पाण्याचा चांगला आकडा आजार नाकारत नाही.

नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम दाबतात, म्हणून तपासणीआधी कोणती औषधं चालू आहेत, हे सांगायलाच हवं. ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. दाबलेली रेम उसळते, तपासणी फसते, आणि कॅटाप्लेक्सी असलेल्या रुग्णाला दिवसात अनेकदा झटके येऊ शकतात.