चेक परत आला? आधी तारीख बघा

समजा, मावळातल्या आंबीच्या सिमेंट विक्रेत्याने पुण्याच्या ठेकेदाराचा चेक भरला आणि ‘पुरेशी शिल्लक नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत ठेकेदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे चुकते करायला त्याला १५ दिवस मिळतात. तेही सरले, की महिन्याभरात कलम १३८ खाली तक्रार.

२०१४ च्या दशरथ राठोड निकालानंतर त्यासाठी ठेकेदाराच्या बँकेच्या गावी जावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने ही पायपीट संपवली. विक्रेत्याचे खाते मावळात, तर खटलाही वडगाव मावळच्या कोर्टात.

खटला रेंगाळतोच म्हणा! म्हणून नव्या गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात जमा झाल्यावरच माल उतरवावा. उधारी द्यावीच लागली, तर डिलिव्हरी चलनावर सही जरूर घ्या. देणे सिद्ध करायला ती उपयोगी पडते.