बॅजवरचं एक वाक्य

कंपनीच्या पोर्टलवर सहकाऱ्याला बॅज देताना ‘टीम प्लेयर’ किंवा ‘मदतीचा हात’ असं चित्र निवडायचं असतं आणि खाली एका छोट्या चौकटीत दोन शब्द लिहायचे असतात. बहुतेक जण तिथे ‘उत्कृष्ट सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ असं लिहून मोकळे होतात. ते वाक्य खोटं नसतं, पण त्यात माणूस दिसत नाही. नाव बदलून ते ऑफिसातल्या कुणालाही पाठवता येईल. लिहून झाल्यावर वाक्याची हीच परीक्षा घ्यावी: दुसऱ्या कुणाचं नाव घातलं तरी ते तसंच्या तसं चालत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

एक प्रसंग घेऊ. कारखान्याच्या अकाउंट्स विभागातल्या एका बाईंना स्टोअरमधल्या सहकाऱ्याला बॅज द्यायचा आहे. त्याने काय केलं? पुरवठादाराने आपली विक्रीची बिलं ११ तारखेपर्यंत जीएसटीच्या विवरणात चढवली नाहीत, तर ती १४ तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या तक्त्यात येत नाहीत आणि त्या बिलांवरचं टॅक्स क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. स्टोअरच्या या माणसाने १० तारखेला आवक रजिस्टर पाहताना दोन पुरवठादारांची बिलं राहिल्याचं हेरलं आणि स्वतः फोन करून ती चढवून घेतली. हे त्याचं काम नव्हतं. त्याच्याकडे तेव्हा माल उतरवून घ्यायची घाई चालू होती.

बाईंच्या हातून पहिल्यांदा उतरतं ते असं: ‘जीएसटीच्या कामात आपल्याकडून अतिशय मोलाचं सहकार्य करण्यात आलं.’ हे परिपत्रकातलं वाक्य झालं. ‘करण्यात आलं’ म्हटलं की करणारा माणूस नाहीसा होतो. ‘तुम्ही फोन केलेत’ म्हटलं की तो समोर उभा राहतो. ‘अतिशय’ आणि ‘मोलाचं’ ही विशेषणं काढून त्या जागी घडलेली गोष्ट ठेवली, तर वाक्य असं होतं:

‘१० तारखेला माल उतरवायची घाई असतानाही तुम्ही दोन पुरवठादारांना फोन करून राहिलेली बिलं चढवून घेतलीत, म्हणून आमचं क्रेडिट याच महिन्यात मिळालं आणि शेवटच्या दिवशीची माझी धावपळ वाचली.’

यात त्याची वेळ आहे, कृती आहे आणि तिचा परिणाम आहे. पण ऊब येते ती शेवटच्या पाच शब्दांनी, कारण तिथे लिहिणारी स्वतः वाक्यात येते. माझं काय वाचलं, मला कसला दिलासा मिळाला, हे तिच्याशिवाय कुणीच लिहू शकत नाही. चौकट लहान असेल तर तारीख कापावी, पुरवठादारांची संख्या कापावी, पण फोन आणि धावपळ ठेवावी.

चांगल्या हेतूने लिहितानाही काही गोष्टी चुकतात. ‘बाकी कुणाचं लक्ष नसताना तुम्ही पाहिलंत’ असं लिहिलं की एकाच्या कौतुकात इतर दहा जणांवर ठपका येतो, आणि तो बॅज सगळे वाचतात. ‘घरी आई आजारी असूनही आलात’ हे मनापासून लिहिलेलं असलं तरी ती त्याची खासगी गोष्ट आहे. पुरवठादाराचं नाव किंवा बिलाची रक्कमही तिथे नको. ‘रात्री उशिरापर्यंत थांबलात’ याचंही कौतुक मला खटकतं. वेळेत घरी जाऊन नीट काम करणाऱ्याला त्यातून चुकीचा निरोप जातो.

शब्द नीट जमले नाहीत म्हणून पाठवायचं राहून जातं, हे मात्र फार वेळा घडतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पत्र मिळालेले लोक जास्त आनंदले आणि कमी अवघडले. लिहिणारा आपले शब्द पुरेसे चांगले आहेत का, याचा विचार करत असतो. वाचणाऱ्याला त्यातली आपुलकी आधी जाणवते.

भाषेचं सांगायचं तर, ज्या भाषेत रोज बोलता त्याच भाषेत लिहावं. रोज ‘दादा’ म्हणत असाल तर बॅजवरही ‘दादा, तुम्ही’ असंच येऊ द्या. एरवी ‘तू’ म्हणणाऱ्या मित्राला तिथे ‘आपण’ लिहिलं तर तो परका होतो. पोर्टल इंग्रजी असलं तरी चौकटीत देवनागरी उमटते का, ते एकदा लिहून पाहावं. दुसऱ्या राज्यातल्या साहेबांनाही कळायला हवं असेल, तर मराठी वाक्याखाली तेच इंग्रजीत एका ओळीत द्यावं. आणि तिमाही संपायची वाट पाहू नये. बिलं ११ तारखेला चढली असतील, तर १५ तारखेपर्यंत बॅज गेलेला असावा. तोवर त्या फोनची आठवण दोघांच्याही मनात ताजी असते.