शेवटच्या अक्षराची साखळी

भेंड्यांमध्ये ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा, ‘ण’ला ‘न’, अशी सवलत असते. साखळी कवितेत ती घेतली तर गंमतच जाते. इथे ओळीचं शेवटचं अक्षर, काना-मात्रेसकट, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला यायला हवं. जुन्या काव्यातलं दामयमक याच जातीचं. दाम म्हणजे माळ.

समजा, पहिली ओळ सुचली: ‘सकाळी दारात नाचे चिमणी’. खेळ तिथेच संपला, कारण ‘णी’ने मराठी शब्द सुरू होत नाही. पाणी, गाणी, डोळा, काळी ही हाताशी असलेली यमकं म्हणूनच इथे दगा देतात. शब्द जरा फिरवले की वाट मोकळी होते:

सकाळी चिमणी दारात नाचते,
तेवढ्यात टिपते दाणे चार,
रमून वळचणीला बसते,
तेथून न्याहाळते घरदार.

‘ते’ आणि ‘र’ दोन्ही उदार अक्षरं. ‘ली’वर ओळ संपवली असती तर लीला, लीन, लीलया अशा मोजक्या शब्दांवरच गाडी अडली असती. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला अडवायचं असेल, तर मात्र मुद्दाम ‘ली’वरच थांबावं! ‘ण’वर थांबणं ही लबाडी, असं आधीच ठरवून घ्यावं.