तक्रारीचा व्हिडिओ फिरला? 'अफवा' म्हणण्याआधी बॅच नंबर बघा

नार्नूर : लाडू-चिवडा पॅक करून विकणाऱ्या एखाद्या बचत गटाच्या पाकिटात अळी निघाल्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागला, तर पहिल्या दिवशी काय करायचं? बरेच जण लगेच 'ही अफवा आहे' असं लिहून मोकळे होतात. गडबड तिथंच होते. तक्रार खरी निघाली, तर पुढचा खुलासा कुणी मानत नाही.

जून 2024 मध्ये मुंबईच्या मालाडमध्ये ऑनलाइन मागवलेल्या यम्मो आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा सापडला. फोटो देशभर गेले. कंपनीने तक्रार उडवून लावली नाही. माल बनवून देणाऱ्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं, उरलेला माल बाजूला काढला, तपासाला सहकार्य करतो असं जाहीर केलं. पुढे डीएनए तपासणीत ते बोट इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगाराचंच निघालं.

आता आपल्याकडचं बघू. समजा, व्हिडिओतलं पाकीट जैनूरच्या दुकानातलं आहे. आधी ग्राहकाला फोन करा. पाकिटावरचा बॅच नंबर, तारीख आणि लेबलचा फोटो मागा, पाकीट जपून ठेवायला सांगा. व्हिडिओ काढून टाका म्हणू नका. त्याचाच स्क्रीनशॉट फिरतो. मग वही उघडा : त्या बॅचची 40 पाकिटं निघाली, 25 जैनूरला, 10 जिवतीला गेली, 5 घरात आहेत. दोन्हीकडच्या दुकानदारांना विक्री थांबवायला सांगा. घरातली पाकिटं फेकू नका, वेगळी ठेवा. तपासायला तीच लागतात.

माल खराब असल्याचं दिसलं, तर तो परत घेणं आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवणं 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. जिवतीला माल गेला असेल, तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही कळवा.

एवढं झालं की ज्या ग्रुपांवर व्हिडिओ फिरतोय तिथेच, मराठी आणि तेलुगू दोन्हीत, एकाच माणसाच्या नावाने संदेश टाका :

"आमच्या लाडवाच्या पाकिटाबद्दल तक्रार आली आहे. बॅच 17 ची विक्री आम्ही थांबवली आहे. या बॅचचं पाकीट असेल तर खाऊ नका, दुकानात परत द्या, पैसे मिळतील. कारण तपासतोय. पुढची माहिती उद्या संध्याकाळी 6 वाजता देऊ."

'उद्या रिपोर्ट येईल' असं मात्र लिहू नका. अधिकाऱ्यांनी घेतलेल्या नमुन्याच्या अहवालाला कायद्यातच 14 दिवसांची मुदत आहे. तोवर सांगायला नवं काही नसलं, तरी ठरल्या वेळी 'अजून रिपोर्ट आलेला नाही, इतकी पाकिटं परत आली' एवढं तरी सांगा.

वहीत बॅचची नोंदच नसेल, तर यातलं काही जमत नाही. मग सगळाच माल परत मागवावा लागतो.