मागून गेलेला माणूस पुसताना

हिवाळ्यातली दुपार, चारच्या आसपासची वेळ. गेटवे ऑफ इंडियासमोर आई-बाबा उभे आहेत, ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आहे, हसू मनासारखं आलंय. आणि मागून लाल शर्टातला एक अनोळखी माणूस चालत गेलाय. त्याचं डोकं आणि धड कमानीच्या पिवळसर बेसाल्टच्या भिंतीवर येतं, पाय फरशीवर, आणि सावली डावीकडे तिरकी पसरलेली. फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचा आहे. माणूस काढायला हवा, पण जागेवर धुरकट डाग राहायला नको आणि शेजारी शेजारी तोच दगड दोनदा दिसायलाही नको.

हे काम फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये होतं. दोन्हीकडे मुख्य हत्यारं दोनच. `Clone` एका जागचा तुकडा जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवतं. `Heal` उचललेल्या तुकड्याचा फक्त पोत घेतं आणि रंग-उजेड नव्या जागेच्या आजूबाजूचा लावतं. बहुतेक जण थेट `Heal` घेऊन माणसावरून फिरवतात, आणि डाग पडतो तो तिथेच. आजूबाजूला जे असेल ते `Heal` आत ओढतं. शेजारी लाल शर्टाची बारीकशी किनार राहिली, तर दगडावर तांबूस छटा चढते. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर फिरवलं, तर भिंतीची छाया फरशीवर उतरते.

म्हणून आधी `Clone`, आणि तेही रेषांपासून. मूळ फोटोला हात न लावता त्यावर एक नवा पारदर्शक थर घ्यायचा आणि हत्याराच्या पर्यायांत `Sample merged` चालू ठेवायचं, म्हणजे खालच्या फोटोतून उचललेलं वरच्या थरावर उमटतं आणि चुकलं तर खोडता येतं. मग कंट्रोल दाबून जिथून उचलायचं तिथे क्लिक करायचं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी ऑल्ट असतं. पहिली रेषा भिंतीच्या तळाची. ती माणसाच्या उजवीकडे जिथे स्वच्छ दिसते तिथे नेमक्या रेषेवरच क्लिक करायचं आणि माणसाच्या पायांवरून ती पुढे नेऊन डावीकडच्या रेषेला जोडायची. मग दगडांमधल्या आडव्या सांध्यांच्या रेषा एकेक करून. इथे ब्रशची कड टणक हवी, कारण मऊ कडेने सांधा पुसट होतो आणि पुसट सांधा डोळ्याला लगेच खटकतो. रेषा जुळल्या की मधला दगड भरणं सोपं जातं.

पुसताना माणसाच्या कडेच्या थोडं बाहेर जायला हवं. मोबाइलचा कॅमेरा फोटो आपणहून धारदार करतो आणि त्यामुळे माणसाभोवती एक फिकट किनार उमटते. नेमक्या कडेपर्यंतच पुसलं, तर माणूस जातो आणि त्याची रूपरेषा मात्र भिंतीवर राहते.

आता मधलं भरण. इथे रफू करणाऱ्याची सवय कामाला येते: तो धागा त्याच कापडाच्या जवळपासच्या भागातून काढतो. फोटोत ‘जवळपास’ म्हणजे कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावरचं. फरशी भरायची असेल तर उचलायचं ते डावी-उजवीकडून, वरून किंवा खालून नाही. पुढची फरशी मोठी आणि रेखीव दिसते, मागची लहान आणि जराशी धूसर. पुढची फरशी उचलून मागे ठेवली, तर रंग तंतोतंत जुळूनही ठिगळ दिसतं, आणि नेमकं काय चुकलंय ते पटकन सांगता येत नाही. भिंतीचंही तसंच. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं सगळं धूसर झालं असेल, तर तितक्याच धूसर भागातून उचलायचं.

धुरकटपणाचं आणखी एक कारण ब्रशच्या ठेवणीत असतं. अपारदर्शकता निम्म्यावर आणून हळूहळू थर चढवले की काम नाजूक होईल असं वाटतं, पण घडतं उलटं. दोन वेगळ्या जागांचे दाणे निम्मे-निम्मे मिसळले की एकाचा गडद ठिपका दुसऱ्याच्या उजळ ठिपक्यावर पडतो आणि दोघांचा जोर कमी होतो. पोताचा चढउतार साधारण तीस टक्क्यांनी मंदावतो, आणि तीन-चार हात फिरवले की दगड मेणासारखा गुळगुळीत होतो. अपारदर्शकता शंभर टक्केच ठेवावी. भरणासाठी ब्रशची कड अर्धवट मऊ चालते.

पुनरावृत्तीचा दोष वेगळ्या वाटेने येतो. एकाच जागेवर क्लिक करून लांबच लांब हात फिरवला, तर तिथला पांढरट डाग, टवका उडालेला कोपरा, सगळं तसंच्या तसं दुसरीकडे उमटतं. डोळा एरवी दगडाकडे लक्ष देत नाही, पण दोन टवके सारखे दिसले की तिथेच अडकतो. उपाय म्हणजे थोडं थोडं, आणि दर वेळी वेगळ्या जागेवरून. उचलण्याआधीच ठळक खूण कुठे आहे ते पाहून तिला बगल द्यायची. गिंपमध्ये `Alignment` हा पर्याय `None` असेल, तर प्रत्येक नवा हात पुन्हा त्याच पहिल्या ठिकाणापासून सुरू होतो आणि तोच तुकडा शिक्क्यासारखा उमटत राहतो. मोठ्या जागेसाठी `Aligned` निवडावं. शेवटी जिथे उजेडाचा फरक राहिलाय तिथेच, रेषांपासून दूर, `Heal` चे दोन-चार छोटे ठिपके पुरतात.

सावली विसरू नये. माणूस गेला आणि सावली राहिली, असे फोटो पुष्कळ दिसतात. आई-बाबांची सावली मात्र तशीच ठेवायची. दोन्ही एकमेकांत मिसळल्या असतील, तर आधी आई-बाबांच्या सावलीची कड कुठे संपायला हवी ते ठरवून घ्यावं.

काम झालं असं वाटलं की दोनदा तपासावं. फोटो आडवा उलटा करून पाहावा, ओळखीचं चित्र अनोळखी होतं आणि ठिगळ पुढे येतं. मग वर `Curves` लावून कॉन्ट्रास्ट अतोनात वाढवावा. साध्या नजरेला न दिसलेला धुरकट पट्टा आणि जोडीने आलेले डाग तिथे लपत नाहीत. पाहून झालं की तो बदल रद्द करायचा.

काही जागा अशा भरता येत नाहीत. माणूस नक्षीदार जाळीवर आला असेल, तर तशीच दुसरी जाळी फोटोत हवी. कमानीच्या दुसऱ्या बाजूची जाळी आडवी उलटून बसवण्याचा मोह होतो. पण ऊन उजवीकडून येत असेल, तर उलटलेल्या जाळीत ते डावीकडून पडलेलं दिसतं आणि कोरीवकाम विचित्र भासतं.

अशा वेळी सगळ्यात खात्रीचा तुकडा दुसऱ्या फोटोत असतो. त्याच जागेवरून काही सेकंदांनी काढलेल्या फोटोत तो माणूस पुढे गेलेला असतो आणि मागची जाळी मोकळी. तो फोटो दुसरा थर म्हणून वर ठेवायचा, थराचा मोड `Difference` करायचा आणि हळूहळू सरकवायचा. भिंत भिंतीवर नेमकी बसली की ती जवळजवळ काळी पडते. मग मोड परत `Normal` करून माणसापुरता भाग मास्कने ठेवायचा. या तुकड्यात दगड खरा, ऊन खरं, म्हणून डाग आणि पुनरावृत्ती दोन्हींचा प्रश्नच उरत नाही. आई-बाबा मधे थोडे हलले असले, तरी वरच्या फोटोतला तेवढाच तुकडा ठेवल्याने बिघडत नाही. तो माणूस आई-बाबांच्या अगदी मागेच आला असेल, तर मात्र केसांच्या कडेशी मास्क सावकाश आणि बारीक ब्रशने करावा.

म्हणून पुढच्या सहलीला गर्दीच्या जागी एक फोटो काढून मोबाइल खाली करू नका. हात न हलवता, चार-पाच सेकंदांच्या अंतराने आणखी तीन-चार काढा आणि घरी येईपर्यंत त्यातला एकही डिलीट करू नका.